मदत हवी आहे: आईच्या साठीशांतीचा खर्च कसा वाटावा?

ताई, दादा, आईच्या साठीशांतीसाठी 60 पानांचे जेवण प्रत्येकी 400 रुपयांप्रमाणे 24,000, कार्यालयाचे भाडे 12,000 आणि गुरुजींची दक्षिणा व होमाचे साहित्य मिळून 9,000, असा एकूण 45,000 रुपयांचा अंदाज आहे. माणशी वाटणी केल्यास दादाच्या मोठ्या कुटुंबावर अकारण भार पडेल. म्हणून आपण तिघांनी प्रत्येकी 12,000 आणि नुकतीच नोकरी लागलेल्या धाकट्याने 9,000 द्यावेत, असे मला वाटते. बाबांकडून काही घेऊ नये.

पाहुणे कमी आले तरी केटरर ठरलेल्या पानांचे पैसे घेतोच, त्यामुळे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आपापल्या सासरकडचा नक्की आकडा रविवारपर्यंत कळवाल का? ही वाटणी कोणाला जड जात असल्यास मला मोकळेपणाने फोन करावा.