कंट्रोलरचा चार्जिंग पोर्ट ढिला झालाय: सोल्डर करून घ्यावा की नवा घ्यावा?

धुळेकर_रात्रपाळी: पीएस५ चा कंट्रोलर, तीन वर्षं वापरलेला. केबल लावली की ढिली बसते, एका कोनात धरली तरच चार्ज होतो. दुकानवाला पोर्ट बदलायचे 800 मागतोय, पण "बोर्ड गेला तर जबाबदारी नाही" असंही म्हणतो. नव्याला पाच हजारांच्या वर लागतात. 800 घालावेत का?

चाळीसगावचा_खेळाडू: नवाच घ्या दादा. हाताने मारलेलं सोल्डर टिकत नाही. माझ्या भावाचा पोर्ट दोनदा बदलला, दोन्ही वेळा चार महिन्यांत निघाला.

तापीकाठ: मी भुसावळला बोर्डाचंच काम करतो. सोल्डर टिकत नाही हे मला मान्य नाही. चार महिन्यांत निघतो तो पोर्ट नुसत्या बारीक पिनांवर बसवलेला असतो. पोर्टच्या धातूच्या कवचाला पाय असतात, ते बोर्डाच्या भोकांतून आरपार जातात. केबलची ओढाताण त्या पायांनी सोसायची असते. भोकांत सोल्डर पूर्ण भरलं नाही, तर सगळा जोर पिनांवर येतो.

पण धुळेकर, आधी पोर्ट खरंच गेलाय का ते बघा. कंट्रोलर बंद करून लाकडी दातकोरणीने पोर्टच्या तळाशी हलकेच कोरा. सुई किंवा पिन घालू नका. आपल्याकडे सरकीचा कापूस आणि धूळ दोन्ही भरपूर, केबल घालताना तेच आत दाबलं जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. मग केबल शेवटपर्यंत जात नाही आणि पोर्ट ढिला वाटतो.

अमळनेर_९०: काय हो, एवढं कशाला? माझ्या कंट्रोलरला सोल्डर लागलंच नाही. पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर होता, चपटी पट्टी काढली, नवा बोर्ड लावला, झालं. फक्त पहिल्यांदा 12 पिनांचा मागवला आणि माझी पट्टी 14 पिनांची निघाली.

तापीकाठ: भाऊ, तो पीएस४ चा. त्यात पोर्ट खरंच वेगळ्या बोर्डावर असतो, तिथे सोल्डरचा प्रश्नच येत नाही. पीएस५ च्या कंट्रोलरमध्ये पोर्ट थेट मुख्य बोर्डावर आहे.

धुळेकर_रात्रपाळी: कोरलं. राखाडी कापसाची गोळी निघाली! आता केबल आत जाते, पण हलवली की चार्जिंग अजूनही तुटतं. आणि मोबाइलच्या चार्जरवर, दोन्हीकडे सी टोक असलेल्या केबलने, एका बाजूने लावली तरच चालतं.

तापीकाठ: ही चांगली खूण आहे. तसला चार्जर आधी पोर्टमधल्या एका संपर्कावरून "समोर कोणी आहे का" हे तपासतो, तोपर्यंत पाच व्होल्ट सोडतच नाही. केबल उलटी केली की तपासणी दुसऱ्या संपर्कावर जाते. म्हणजे तुमचा त्यातला एक बहुधा झिजलाय. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा, तिच्यात पाच व्होल्ट कायम असतात.

धुळेकर_रात्रपाळी: तिने दोन्ही बाजूंनी होतो. पण हलवलं की तुटतं, ते आहेच.

जळगाव_मीटरवाली: मग सोल्डरच कशाला? कंट्रोलरच्या खालच्या कडेला, हेडफोनच्या भोकाशेजारी, चार्जिंगचे संपर्क आहेत. त्यावर बसणारा स्टँड घ्या, पोर्टला हातच लावायला नको. माझा दोन वर्षं तसाच चालू आहे.

तापीकाठ: चार्जिंगपुरतं बरोबर आहे ताई. पण पीएस५ कधी सेफ मोडमध्ये गेला, तर कंट्रोलर केबलनेच लावावा लागतो. पोर्ट पूर्ण मेला तर तिथे अडकाल.

सोल्डर करायचंच ठरलं तर कारागिराला एवढं विचारा: खालून बोर्ड गरम करायची सोय आहे का? कवचाचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात, ते उष्णता पिऊन टाकतं. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतं, म्हणून आधी त्यात शिशाचं मिसळून ते मऊ करतात. नुसतं साधं सोल्डरिंग आयर्न टेकवून पोर्ट ओढला, की पिनांखालची तांब्याची चकती उपटून येते. दुकानवाला "बोर्ड गेला तर" म्हणतो तो हाच धोका. बदलल्यावर कंट्रोलरचं कव्हर परत बसवण्याआधी तुमच्यासमोर केबल चारही बाजूंनी हलवून दाखवायला सांगा.

चाळीसगावचा_खेळाडू: आणि अंगठ्याने फिरवायच्या त्या तीन वर्षांच्या काड्या? आपोआप सरकायला लागल्या तर त्याही बोर्डावर सोल्डर केलेल्याच. 800 पोर्टचे, मग काड्यांचे वेगळे. तेव्हा नव्याच्या निम्म्यावर जाल.

तापीकाठ: हे मात्र खरं. काडी सरकत असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला नको म्हणतो. धुळेकर, काड्या कशा आहेत?

धुळेकर_रात्रपाळी: डावी कधीकधी वर सरकते. रोज नाही.

जळगाव_मीटरवाली: मग स्टँडच.

तापीकाठ: डावी काडी आणि पोर्ट एकाच उघडणीत करणारा मिळाला तर मी अजूनही सोल्डरच म्हणेन. किती मागतोय ते विचारून इथे टाका.