मदत हवी: रात्री केलेल्या नोंदीला आदल्या दिवसाची तारीख, बग रिपोर्ट परत आलाय

मांडवीकाठ
नमस्कार. पणजीत गेस्टहाऊसच्या बुकिंग सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. कळंगुटच्या एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून मी हे तिकीट टाकलं होतं:

> वॉक-इन नोंदीत तारीख चुकते. नवीन पाहुण्याची नोंद केली की कधी कधी चुकीची तारीख पडते आणि बिल जास्त होतं. तारीख बरोबर यायला हवी. सिव्हियरिटी: क्रिटिकल. गिऱ्हाईक फार चिडलंय आणि नाताळाचा सीझन आहे.

डेव्हलपरने `Cannot Reproduce` म्हणून बंद केलं. मीही दिवसभरात वीसेक नोंदी केल्या, सगळ्या बरोबर आल्या. गिऱ्हाइकाकडची पक्की माहिती एवढीच: पाहुणे मोपा विमानतळावरून रात्री १२.४० ला आले, तारीख २७ डिसेंबर. रजिस्टरवर आगमन २६ पडलं. २८ ला सकाळी गेले, बिल दोन रात्रींचं झालं. तिकीट नव्याने कसं लिहू?

म्हापसेकर_हिशेब
आमच्याही बिलात फरक येतो. कराची रक्कम ओळीओळीने राउंड केली की एकूण बेरजेत रुपयाचा घोळ होतो. राउंडिंग शेवटी एकदाच करायला सांगा.

मांडवीकाठ
बाब, रक्कम दराप्रमाणे बरोबर आहे, एक रात्र जास्त धरली गेलीय. मुळात तारीखच चुकते.

फ्रंटडेस्क_बारदेश
हा बग नाहीच. हॉटेलचा दिवस बाराच्या ठोक्याला बदलत नाही, नाइट ऑडिटमध्ये दिवसाचा हिशेब बंद केला की बदलतो. १२.४० ला आलेला पाहुणा २६ च्या रात्रीचा. २६ ची एक आणि २७ ची एक, दोन रात्री झाल्या. डेव्हलपरने बंद केलं ते योग्यच.

जुना_टेस्टर
ताई, वरच्या उत्तरातला अर्धा भाग तुमच्या फार कामाचा आहे. पुष्कळ हॉटेलं तसाच दिवस धरतात, म्हणून ‘तारीख बरोबर यायला हवी’ हे अपेक्षित वर्तन म्हणून चालणार नाही. बरोबर म्हणजे कुठली, हे कशाच्या आधारावर म्हणता ते लिहावं लागेल. तुमच्या सॉफ्टवेअरच्या मदतपानावर आगमनाच्या तारखेबद्दल काय लिहिलंय? नाइट ऑडिटची सोय आहे का?

दुसरं म्हणजे ‘कधी कधी’. तुम्ही आणि डेव्हलपर, दोघांनी दिवसा तपासलंय. ऑफिसच्या वेळेत हा प्रकार दिसतच नसेल तर वीस काय, दोनशे नोंदी करूनही दिसणार नाही. टेस्ट सर्व्हरला लॉगिन करून हे करा: तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर विंडोजमधलं `Set time automatically` बंद करा आणि घड्याळ कालच्या तारखेवर न्या. पुढे नेऊ नका, लॉगिनची मुदत संपल्यासारखं होऊन बाहेर फेकले जाल. रात्रीचे ११.५५, १२.०५, पहाटेचे ५.२५ आणि ५.३५ अशा चार वेळा लावा, दर वेळी पान रिफ्रेश करा आणि एक वॉक-इन नोंद करा. नोंद जतन करताना F12 दाबून `Network` मध्ये सर्व्हरकडे कुठली तारीख जाते तेही पाहा.

घड्याळ बदलून काहीच फरक पडला नाही, तर तारीख सर्व्हर ठरवतोय. मग ही पद्धत उपयोगाची नाही, सर्व्हरचंच घड्याळ हलवावं लागेल.

फ्रंटडेस्क_बारदेश
पहाटे साडेपाच का? ऑडिट सहसा कुणी त्या वेळी करत नाही.

जुना_टेस्टर
म्हणूनच. ऑडिटमुळे होत असेल तर तारीख ऑडिटच्या वेळेला बदलेल. बरोबर साडेपाचला बदलली तर कारण वेगळं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी यूटीसीत पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख असते.

मांडवीकाठ
केलं. ११.५५ ला बरोबर. १२.०५ आणि ५.२५ ला आदल्या दिवसाची. ५.३५ ला पुन्हा बरोबर. ब्राउझरकडूनच चुकीची तारीख जाते. मदतपानावर लिहिलंय: ‘आगमनाची तारीख म्हणजे नोंद केली त्या दिवसाची भारतीय वेळेनुसार तारीख.’ नाइट ऑडिट आमच्यात नाही. वॉक-इनमध्ये तारखेचा रकाना लॉक असतो. आधीच्या बुकिंगमध्ये तारीख हाताने निवडतात, तिथे चूक दिसली नाही.

जुना_टेस्टर
मग तिकीट असं लिहा:

> शीर्षक: वॉक-इन: रात्री १२.०० ते पहाटे ५.३० दरम्यान केलेल्या नोंदीत आगमन एक दिवस आधीचं पडतं
>
> पूर्वस्थिती: टेस्ट सर्व्हर, रिसेप्शन लॉगिन, विंडोजचा टाइमझोन भारतीय. आवृत्ती आणि ब्राउझर: (इथे तुमचे)
>
> पायऱ्या: १. `Set time automatically` बंद करून आपल्या कॉम्प्युटरचं घड्याळ कालच्या तारखेला रात्री १२.४० वर लावा. २. पान रिफ्रेश करून वॉक-इन फॉर्म उघडा. ३. नाव आणि खोली भरा, जतन करा. ४. रजिस्टरमध्ये आगमनाची तारीख पाहा.
>
> अपेक्षित: घड्याळात लावलेली तारीख (मदतपानानुसार).
>
> प्रत्यक्ष: तिच्या आदली तारीख. सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीतही तीच. १२.०५ आणि ५.२५ ला चूक, ११.५५ आणि ५.३५ ला बरोबर.

कारणाचा अंदाज खाली वेगळ्या ओळीत द्या, ‘प्रत्यक्ष’मध्ये मिसळू नका. अंदाज चुकला तरी निरीक्षण खरंच राहतं. माझा अंदाज, कोडमध्ये असं काहीतरी असेल:

```
new Date().toISOString().slice(0, 10)
```

`toISOString` नेहमी यूटीसीत लिहितं. २७ च्या रात्री १२.४० ला यातून २६ बाहेर येईल. गिऱ्हाइकाची मूळ नोंद स्क्रीनशॉटसह जोडा, पाहुण्याचं नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून.

मांडवीकाठ
आणि सिव्हियरिटी? क्रिटिकल ठेवू?

जुना_टेस्टर
गिऱ्हाईक चिडलंय आणि सीझन आहे, ही प्रायॉरिटीची कारणं. ती तिथे लिहा आणि हाय ठेवा. सिव्हियरिटीत नुकसान किती, कुणाला आणि त्यातून निघायची दुसरी वाट आहे का, एवढंच. सॉफ्टवेअर चालू आहे, ठरावीक साडेपाच तासांतल्या वॉक-इन नोंदीच चुकतात, म्हणून क्रिटिकल नाही. पण रकाना लॉक, पाहुण्याला एका रात्रीचे पैसे जास्त पडतात आणि स्क्रीनवर काही इशारा नाही. मी मेजर देईन, ही तिन्ही कारणं लिहून.

फ्रंटडेस्क_बारदेश
एक राहिलं. परदेशी पाहुण्याचा फॉर्म सी आगमनापासून २४ तासांत भरावा लागतो. पुष्कळ ठिकाणी रिसेप्शनवाला रजिस्टर बघूनच तारीख भरतो. ऑडिटचा दिवस काही असो, तिथे खरी तारीखच लागते. माझा आधीचा मुद्दा या सॉफ्टवेअरला लागू नाही, मान्य.

मांडवीकाठ
हे गिऱ्हाईकही रजिस्टरवरूनच भरतं, आत्ताच विचारलं. आणि मॅनेजर लॉगिनने रकाना उघडतो, पण रात्री मॅनेजर नसतो.

काणकोणची_क्यूए
फॉर्म सी मध्ये चुकीची तारीख जात असेल तर मी क्रिटिकलच म्हणेन. पैसे परत करता येतात, सरकारी नोंद दुरुस्त करणं गिऱ्हाइकाच्या एकट्याच्या हातात नाही. शिवाय कोड सुधारला तरी आधी पडलेल्या चुकीच्या तारखा तशाच राहतील. त्यांचं वेगळं तिकीट करा, नाहीतर हे बंद झालं की त्या विसरल्या जातील.

जुना_टेस्टर
वेगळं तिकीट, पूर्ण सहमत. क्रिटिकलबद्दल नाही. फॉर्म आपलं सॉफ्टवेअर भरत नाही, माणूस भरतो आणि त्याच्या हातात पासपोर्ट असतो. मॅनेजर सकाळी तारीख बदलू शकतो, तेही तिकिटात यायला हवं, गैरसोयीचं असलं तरी.

काणकोणची_क्यूए
सकाळी बदलायची तर चुकलंय हे आधी कळायला हवं. इशाराच नाही, तर कुणी बदलणार नाही.

मांडवीकाठ
मेजर लावून टाकलं. मॅनेजरची वाट आणि फॉर्म सी, दोन्ही कारणांत लिहिलंय. जुन्या नोंदींचं वेगळं तिकीट केलं. डेव्हलपरने पायऱ्या करून पाहिल्या, त्याच्याकडेही आलं. तिकीट उघडलंय, सिव्हियरिटीवर उद्या लीड बोलणार आहेत.