मदत हवी आहे: एआय चित्रातील बरणीच्या लेबलावर देवनागरी मजकूर बिघडतो

लेबलकर्ता: एका बचत गटासाठी खर्ड्याच्या बरणीचे जाहिरातचित्र मी एआय साधनाने करत आहे. बरणी, काच आणि प्रकाश उत्तम येतो; परंतु लेबलावर ‘मिरचीचा खर्डा’ असे मागितले की ‘मि’ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘र्डा’वरचा रफार गळतो आणि खालचा बारीक मजकूर तर नुसती अक्षरांसारखी नक्षी होते. रोमन लिपीतला छोटा शब्द मात्र बहुधा बरोबर उमटतो. असे का होते, आणि छपाईयोग्य चित्र कसे करावे?

जुनाछापखाना: मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असावा. तो युनिकोडमध्ये बदलून पाहावा.

लेबलकर्ता: मजकूर युनिकोडमध्येच आहे, आणि बिघाड चित्र तयार होताना होतो.

रंगरेषा: मराठी पाट्यांची चित्रे प्रशिक्षणात कमी असतात, हेच कारण. चित्र मोठ्या आकारात काढा, अक्षरे सुधारतील.

अक्षरजुळणी: पहिला मुद्दा रास्त आहे, दुसरा अर्धाच. संगणकावर आपण टंकतो तेव्हा वेलांटी ‘म’च्या आधी नेणे आणि ‘र्’चा रफार करणे हे काम फॉन्ट व अक्षरजुळणीची प्रणाली करते; चित्र बनवणाऱ्या प्रारूपात ती पायरीच नसते, ते अक्षराचे रूप अंदाजाने रंगवते. शिवाय स्टेबल डिफ्यूजनसारख्या प्रारूपांत १०२४ पिक्सेलचे चित्र आधी १२८ × १२८ चौकटींवर घडते, म्हणून १६ पिक्सेल उंचीच्या अक्षराला उभ्या दोनच चौकटी मिळतात आणि तेवढ्यात शिरोरेषा, वेलांटी व रफार मावत नाहीत. मोठ्या आकाराने ही अडचण कमी होते, पहिली तशीच राहते.

म्हणून लेबल कोरेच मागवा. मजकूर फोटोशॉपमध्ये टंका, पण आवृत्ती जुनी असेल तर World-Ready Layout निवडा, नाहीतर वेलांटी व रफार तिथेही बिघडतात. मग मजकूर स्मार्ट ऑब्जेक्ट करून बरणीच्या गोलाईनुसार वाकवा. शिरोरेषा लेबलाच्या वरच्या कडेशी समांतर वळली नाही, तर मजकूर चिकटवलेला दिसतो. गडद अक्षरांना Multiply लावल्यास कागदाचा पोत व सावली त्यांतून दिसते. गडद लेबलावर पांढरी अक्षरे असतील तर Multiply चालत नाही. Normal ठेवून सावलीचा वेगळा थर वर द्यावा लागतो.

पाटीप्रेमी: मला दुकानाची रंगवलेली पाटी हवी होती. शुद्ध टंकलेल्या शब्दाच्या कडा कंट्रोलनेटला दिल्यावर मोठी अक्षरे टिकली, पत्ता मात्र विरघळला.

अक्षरजुळणी: रंगाचे ओघळ हवे असतील तर तो मार्ग योग्य आहे, पत्ता नंतर वरून टंकावा.

लेबलकर्ता: कोरे लेबल मिळाले, मजकूरही नीट वाकला. काचेची चमक लेबलावरून जाते तिथे अक्षरे मात्र अजून चमकेच्या वर तरंगतात. चमक वेगळी काढून अक्षरांच्या वर कशी आणावी?

रंगरेषा: मूळ चित्राची प्रत सर्वांत वर ठेवून Blend If ने फक्त उजळ भाग दिसू द्या. लेबल पांढरे असेल तर तेही त्यात येईल, तिथे मास्क हातानेच करावा लागेल.