मदत हवी आहे: वाड्यात सापडलेल्या फोटोतली माणसं कोणत्या घरातली, कोणत्या काळातली?

कार्तिकी_पंचवटी

जुन्या नाशकातला आमचा आजोळचा वाडा गेल्या महिन्यात उतरवला. देवघरातली दत्ताची तसबीर काढली तर तिच्या पुठ्ठ्यामागे दुसराच फोटो निघाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी, खालची कड कापलेली. मागे काही लिहिलेलं नाही.

मधे खुर्चीवर साठीतले गृहस्थ, डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणं. शेजारी बसलेली बाई, नाकात मोठी नथ, कपाळावर काळं कुंकू, गळ्यात घट्ट बसलेला दागिना. मागे एक तरुण उभा, काळी टोपी, मनगटावर काहीतरी पट्ट्यासारखं. त्याच्याशेजारी तरुण बाई, लांब बाह्यांचं झालरीचं पोलकं. आणि अगदी कडेला काळ्या लुगड्यातली एक बाई, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, अंगावर दागिना नाही.

आईचं म्हणणं, ही आपलीच माणसं, देशस्थ. मामा म्हणतो, छे, वाड्यात पुढच्या सोप्यात सोनार कुटुंब भाड्याने होतं, त्यांचा फोटो. आजी असती तर प्रश्नच नव्हता. मावशी तर सरळ 'पेशवाईतला' म्हणून मोकळी झाली. कपडे-दागिन्यांवरून काही ठरतं का?

गंगाघाट

पेशवाई 1818 ला संपली, फोटोग्राफी त्यानंतर वीसेक वर्षांनी जगासमोर आली. मावशींना सांगा :)

पगडी आहे म्हणजे ब्राह्मणच. सोनार पागोटं बांधायचे. केस संपली. आणि पगडी म्हणजे 1880-90 च्या आसपासचा फोटो.

जुनी_पेटी

गंगाघाट, इतकं सरळ नाही. पगडी तयार बांधून मिळायची, पागोटं माणूस स्वतः डोक्याला गुंडाळायचा, हा फरक खरा. पण तयार पगडी शहरातल्या सोनार, कासार, वाणी अशा घरांतूनही दिसते. पगडीचा आकार, पुढचं टोक, घड्या किती घट्ट, यावरून काही वेगळं काढता येईल, पण त्यासाठी चेहऱ्यापेक्षा पगडीचा मोठा स्कॅन लागेल.

काळासाठी मात्र पगडीकडे बघूच नका. साठीतला माणूस विशीत-तिशीत जे डोक्यावर चढवलं तेच मरेपर्यंत वापरतो. पगडी त्यांच्या तरुणपणाचं सांगते, फोटोच्या दिवसाचं नाही. फोटोचा दिवस सगळ्यात नव्या वस्तूवरून ठरतो, कारण फोटो तिच्या आधीचा असूच शकत नाही. म्हणून त्या तरुणाचं मनगट बघा. तो पट्टा घड्याळाचा असेल तर 1914-18 च्या युद्धाच्या फार आधी जाता येत नाही. पुरुषांमध्ये मनगटी घड्याळ त्या युद्धानंतर पसरलं, तोवर खिशातलं साखळीचं.

सुरेखा_येवला

आमच्याकडेही सासूबाईंचा पैठणीतला फोटो आहे, अगदी असाच तपकिरी. तुम्ही ओल्या कापसाने हलकेच पुसून घ्या, चेहरे छान उजळतात. आमचा पुसला होता, थोडा कोपरा गेला पण चालतंय.

जुनी_पेटी

कार्तिकी, कृपा करून पाणी लावू नका! कागदावरचा थर जिलेटिनचा असण्याची शक्यता मोठी, तो पाण्याने मऊ होऊन बोटाला येतो. सुरेखाताईंचा कोपरा बहुधा तसाच गेला. पुठ्ठाही सोलू नका. नुसतं स्कॅन करा.

कार्तिकी_पंचवटी

नाही लावत. 1200 डीपीआयला स्कॅन केला. मनगटावर घड्याळच आहे, गोल तबकडी स्पष्ट दिसते. म्हणजे 1918 नंतर धरू? आणि काळं लुगडं, संक्रांतीची चंद्रकळा असेल का?

गंगाघाट

चंद्रकळाच. काळी म्हणजे चंद्रकळा. नव्या सुनेची पहिली संक्रांत.

जुनी_पेटी

नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि अंगावर एक दागिना नाही? हलव्याचेसुद्धा नाहीत?

कार्तिकी, इथे जरा थांबा. त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही. लाल काळा पडायचा, निळा फिका. तुमच्या फोटोत त्याचा पुरावा आहे का, ते तपासा. नथवाल्या बाईचं कुंकू काळं आहे असं तुम्हीच लिहिलंय. आता पगडी बघा. पगड्या बहुतेक लाल असायच्या. ती काळीभोर दिसते का?

कार्तिकी_पंचवटी

हो! कोटापेक्षाही काळी.

जुनी_पेटी

मग कडेचं लुगडंही लाल असू शकतं. कुंकू नाही, दागिना नाही, पदर कपाळापर्यंत घट्ट, लुगडं गडद. हे विधवेचं आलवण असावं, आणि पदराखाली केशवपन. केस असते तर मागे अंबाड्याचा उंचवटा पदरातून दिसला असता. स्कॅनमध्ये डोक्याची रेषा सपाट आहे का पाहा.

कार्तिकी_पंचवटी

सपाट आहे. मागे काहीच उंचवटा नाही. ती पंचविशीचीही नसेल हो. इतके दिवस मी तिला 'काळ्या साडीवाली' म्हणत होते.

सराफकट्टा

आमची तिसरी पिढी दागिन्यांत. गळ्यातलं काय आहे? घट्ट बसणाऱ्यात ठुशी आणि चिंचपेटी दोन्ही येतात. ठुशी सोन्याच्या मण्यांची, अशा फोटोत करडी पडते. चिंचपेटीचे मोती पांढरे राहतात.

कार्तिकी_पंचवटी

पांढरे ठिपके, ओळीने.

सराफकट्टा

मग चिंचपेटी. पण यावरून जात काढू नका, पैसा काढा. चिंचपेटी, नथ, बुगडी ज्याच्या घरात ऐपत त्याच्या घरात. आणि सोनाराच्या घरात दागिने जास्त असतील असंही नाही, उलट सोनाराच्या बायकोचं सोनं गिऱ्हाईकाकडे आधी जातं! मंगळसूत्र दिसलं असतं तर थोडा उपयोग होता. डोरलं असतं तर मराठा-कुणबी-माळी अशा घरांकडे मन गेलं असतं. दोन वाट्या असत्या तर मात्र काही ठरलं नसतं.

कार्तिकी_पंचवटी

पदराखाली आहे. दिसत नाही. म्हणजे आलवण आहे म्हणून देशस्थ, असं धरू का?

जुनी_पेटी

झुकतं, ठरत नाही. केशवपन ब्राह्मणांपुरतं नव्हतं, ब्राह्मणी रीत पाळणारी इतर घरंही होती, आणि त्यांत काही सोनारही. तुमच्या मामाचा मुद्दा त्यामुळे पडत नाही. आणखी एक, नथवाल्या बाईंचं डोकं उघडं आहे की पदर घेतलाय?

कार्तिकी_पंचवटी

उघडं. अंबाड्याला फुलं आहेत.

जुनी_पेटी

सवाष्ण उघड्या डोक्याने बसलीय म्हणजे मराठा घर नसावं, तिथे पदर डोक्यावर आला असता. सोनार की देशस्थ, हे मात्र या पदरावरून कळणार नाही.

काळाचं सांगायचं तर घड्याळामुळे 1918 च्या पुढे. आणि शहरात 1930-40 नंतर केशवपन झालेली इतकी तरुण बाई दिसणं कमी होत गेलं. मी 1920 ते 1935 म्हणेन. नेमकं वर्ष कपडे सांगणार नाहीत.

खालची कड कापलीय ना? उरलेल्या पुठ्ठ्यावर अंधारात बॅटरी अगदी आडवी धरून बघा. स्टुडिओची नावं कधी शाई न लावता नुसती दाबून उठवायचे, ती समोरून दिसत नाहीत.

गंगाघाट

आणि मूळ गाव कळलं तर तिथल्या नावाने रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या बघा. गावावरून आणि आडनावावरून शोधतात. पितरांच्या नावांबरोबर बायकांचीही असतात कधी. पगडीच्या बाबतीत चुकलो, मान्य.

कार्तिकी_पंचवटी

मूळ गाव सिन्नरकडचं. वहीला या रविवारी जाते.

बॅटरीने पाहिलं. उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत उठवलेली अक्षरं आहेत, पण अर्धी कापलेल्या भागात गेली. शेवटी 'आय के' एवढंच लागतं. नाशिकच असेल बहुतेक. मामाला दाखवलं तर म्हणतो, नाशिकचा सोनार नाशकातच फोटो काढणार ना.