बारा टनांचे वजन खदानीतल्या भरावात नेमके किती खोल पोहोचते?

जिनिंगवाला, जळगाव: आमच्या जागेवर मुरमाची जुनी खदान होती. दहा-बारा वर्षांपूर्वी ती मुरूम, दगड आणि खोदाईची माती टाकून नुसतीच भरली. सुमारे ७ मीटर भराव आहे, खाली काळा पाषाण. त्यावर सरकी आणि गाठींचे गोदाम बांधायचे आहे. ठेकेदार म्हणतो की १२ टनांचा ठोकळा १५ मीटरवरून आपटला तर परिणाम १३ मीटरपर्यंत जातो, म्हणजे आपले काम निम्म्या ताकदीतच होईल. भागीदाराचे मत सगळे उकरून रोलर फिरवण्याचे आहे. कोणाचे ऐकावे?

रोलरवाला, धुळे: भागीदारांचे ऐकावे. भराव उकरून वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या थरांनी परत भरला आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला की खाली काय आहे ते डोळ्यांना दिसते. ठोकळा आपटला की वरचा भाग घट्ट होतो आणि खालचे कोणालाच कळत नाही. शिवाय क्रेनच्या दोराला बांधून सोडलेले वजन मोकळे पडत नसते. ड्रम फिरवण्यात आणि दोराच्या घर्षणात पाचवा हिस्सा ऊर्जा जाते, म्हणून ठेकेदाराच्या आकड्यातून आधी वीस टक्के वजा करावेत.

तापीकाठ: ठेकेदाराचे १३ मीटर कुठून आले हे आधी पाहू. लुई मेनार यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली, तेव्हाचा साधा नियम असा होता की टनांतील वजन आणि मीटरमधील उंची यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की खोली मिळते. १२ गुणिले १५ म्हणजे १८०, त्याचे वर्गमूळ १३.४. मात्र प्रत्यक्ष कामांवरची मोजमापे हाती येऊ लागली, तशी ही खोली फार जास्त धरली जाते हे दिसून आले. १९८० मध्ये लिओनार्ड्स आणि सहकाऱ्यांनी हा आकडा निम्मा करावा असे सुचवले, आणि नंतर गुणक मातीनुसार बदलू लागला. आज सूत्र असे वापरतात:

`D = n √(W × H)`

अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाची १९९५ ची मार्गदर्शिका निचरा होणाऱ्या वाळू-खडीसाठी `n` ०.५ ते ०.६ धरते, आणि गाळ मिसळलेल्या पण फारसे पाणी न धरलेल्या भरावासाठी ०.४ ते ०.५. आपला मुरूम-माती-दगडाचा भराव दुसऱ्या प्रकारात बसतो. ०.४५ धरले तर खोली ६ मीटर येते. ठेकेदाराचा दावा दुपटीहून मोठा आहे, आणि निम्म्या ताकदीत काम केले तर तळाचा भराव जसाच्या तसा राहील. ७ मीटर गाठण्यासाठी गुणाकार १८० ऐवजी २४० लागतो, म्हणजे तोच ठोकळा २० मीटरवरून किंवा १६ टनांचा १५ मीटरवरून.

रोलरवाल्यांचे दोराच्या नुकसानीबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण ते नुकसान येथे पुन्हा वजा करू नये. हे गुणक दोराला बांधूनच सोडलेल्या वजनांच्या कामांवरून ठरवले आहेत. ते प्रति चौरस मीटर १ ते ३ मेगाज्यूल ऊर्जा दिली तरच लागू पडतात, ही अट मात्र बहुतेक जण विसरतात. एकच ठोका कितीही जोरदार असला तरी त्याने `D` गाठला जात नाही.

एरंडोलची लीलाताई: आमचे घर काळ्या मातीवर आहे, दर पावसाळ्यात जोते उचलते आणि उन्हाळ्यात भिंतीला तडा जातो. अशी धुमस आमच्या अंगणात केली तर फरक पडेल का?

तापीकाठ: लीलाताई, आपला त्रास वेगळा आहे. ही पद्धत पोकळ भरावातील मोकळ्या जागा मिटवते. काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते, तिचा तो स्वभाव ठोकून जात नाही. उलट हादऱ्याने आधीचे तडे वाढतील, म्हणून घराजवळ हे काम करू नये.

जिनिंगवाला: ऊर्जेची ती अट आमच्या जागेवर कशी तपासायची? ठेकेदाराच्या कागदावर ठोक्यांची संख्याच नाही.

तापीकाठ: समजा ठोकळ्याचा तळ २ मीटर बाय २ मीटर आहे आणि ठोक्यांच्या बिंदूंत ४ मीटर अंतर आहे, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या वाट्याला १६ चौरस मीटर येतात. १२ टन १५ मीटरवरून पडले की ऊर्जा सुमारे १७६६ किलोज्यूल होते. अशा भरावाला प्रति घनमीटर २५० ते ३५० किलोज्यूल लागतात. ६ मीटर खोली धरली तर बिंदूमागे ९६ घनमीटर, म्हणून २५० च्या हिशेबानेही किमान १४ ठोके हवेत, आणि त्यातून प्रति चौरस मीटर दीड मेगाज्यूल मिळतात. अट पूर्ण होते. सात-सात ठोक्यांच्या दोन फेऱ्या कराव्यात आणि दोन्हींच्या मध्ये खड्डे भरून सपाट करावे.

`D` म्हणजे सुधारणा जेथे संपते ती खोली. सर्वाधिक घट्टपणा तिच्या एक-तृतीयांश ते निम्म्या भागात मिळतो, म्हणजे येथे २ ते ३ मीटरवर. त्याखाली तो उतरत जातो. वरचा मीटर-सव्वामीटर तर सैलच होतो आणि तो शेवटी कमी उंचीवरून आपटून किंवा आमच्या रोलरवाल्या मित्राच्याच रोलरने दाबावा लागतो.

रोलरवाला: प्लेट लोड टेस्ट घेतली की कळेलच.

तापीकाठ: ती टेस्ट प्लेटच्या रुंदीच्या जेमतेम दीड-दोन पट खोलीचेच सांगते. ६० सेंटीमीटरची प्लेट सव्वा मीटरखाली आंधळी असते. दगड असलेल्या भरावात एसपीटी, म्हणजे बोअरमध्ये नळी ठोकून घट्टपणा मोजणारी चाचणीही फसवते, कारण नळी दगडावर अडली की आकडा मोठा येतो आणि माती घट्ट झाली असे वाटते. मी खड्ड्यांच्या मोजमापावर भर देईन. दोन मीटर चौरस खड्डा १.२ मीटर खोल गेला तर घनफळ ४.८ घनमीटर. भोवतीची जमीन फुगून ०.८ घनमीटर वर आली असेल, तर निव्वळ ४ घनमीटर भराव दबला, म्हणजे १६ चौरस मीटरवर सरासरी २५ सेंटीमीटर. प्रत्येक ठोक्यानंतर ही नोंद ठेवली, तर ज्या ठोक्यापासून खड्ड्याचे नवे घनफळ आणि फुगवटा जवळजवळ सारखे येऊ लागतात, तेथे ठोके थांबवावेत. त्यानंतर माती फक्त बाजूला सरकते.

जिनिंगवाला: पाच बोअर घेतले होते, त्यांचा अहवाल आज हाती आला. दोन बोअरमध्ये ५ मीटरच्या खाली ओली, चिकट काळी माती आहे, बहुधा खदानीतले जुने डबके भरलेले असावे.

रोलरवाला: मी हेच सांगत होतो. ती माती ठोकून सुधारणार नाही, ती काढावीच लागेल.

तापीकाठ: त्या दोन बोअरच्या भागापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. पाण्याने भरलेल्या चिकट मातीत ठोका पाण्याचा दाब वाढवतो, माती दबत नाही आणि वर फुगवटा येतो; मार्गदर्शिकाही अशा मातीसाठी ही पद्धत सुचवत नाही. पण पूर्ण खदान उकरणे मला पटत नाही. डबक्याच्या कडा आणखी चार-पाच बोअर घेऊन आखाव्यात, तेवढाच भाग उकरून मुरमाने भरावा आणि बाकीच्या भागात १२ मीटर बाय १२ मीटरचा चाचणी चौक करून त्यात २० मीटरवरून ठोके द्यावेत.

रोलरवाला: डबक्याची कड सरळ नसेल आणि गोदामाची एक भिंत उकरलेल्या भागावर आणि दुसरी ठोकलेल्या भागावर आली, तर दोन्हीकडे खचणे वेगवेगळे होईल. त्याचे काय?

तापीकाठ: ती भीती खरी आहे. डबक्याच्या कडा कळल्याशिवाय मला त्याचे उत्तर देता येणार नाही.