अकॉर्डियन प्लीट्सचे कापड आणि वाफेने घडी पक्की करण्याबाबत मदत हवी आहे

कंबर ७२ सेंमी असलेल्या स्कर्टसाठी मी ११० सेंमी पन्ह्याचे शंभर टक्के पॉलिएस्टर जॉर्जेट घेतले आहे. नाइफ आणि बॉक्स प्लीट्सना, घड्या एकमेकींना भिडवून घातल्या तर, कंबरेच्या तिप्पट म्हणजे २१६ सेंमी कापड लागते. दोन पन्हे जोडून शिलाईचे ४ सेंमी वजा केल्यावर ते नेमके बसते, आणि जोड आतल्या घडीत लपतो. अकॉर्डियनला मात्र हा हिशेब लागू होत नाही, कारण तिथे घडी आडवी न पडता उभी राहते. १ सेंमी उंचीच्या घडीला २ सेंमी कापड धरले, तर २१६ सेंमीत १०८ घड्या होतात आणि कंबरेवर प्रत्येकीला जेमतेम पाऊण सेंमीहूनही कमी जागा मिळते.

खालची दुमड आधी शिवून, कापड घड्या घातलेल्या दोन जाड खाकी कागदांमध्ये दाबून बांधले आणि मोदकपात्रात ४० मिनिटे वाफवले. गरम असतानाच उघडल्यामुळे की काय, पहिल्याच धुण्यात घड्या सैलावल्या. सुती तुकड्यावर तर त्या टिकल्याच नाहीत, पण ते अपेक्षितच होते. प्लीटिंगचे यंत्र जवळपास उपलब्ध नाही.

अशा स्कर्टला कंबरेच्या किती पट कापड घ्यावे, आणि कागदातच पूर्ण थंड होऊ दिल्यास घरगुती वाफ पुरेल, की वरून कोरडी इस्त्रीही फिरवावी लागेल?