आउटपुट, आउटकम आणि धडे: अंतिम अहवालात मराठी शब्द कोणते?

टिपणवही: माण तालुक्यातल्या एका गावात आमचं पाणलोटाचं काम नुकतंच संपलं. अंतिम अहवालाचा कच्चा खर्डा रोजनिशीसारखा झालाय. मे महिन्यात सलग समतल चर खोदले, जूनमध्ये पहिला पाऊस पडला, ऑगस्टमध्ये ग्रामसभा झाली, असं पानोपान चाललंय. निधी देणाऱ्यांना मात्र आउटपुट, आउटकम आणि लेसन्स लर्न्ट असे तीन भाग हवेत. अहवाल गावातही वाचला जाणार, म्हणून शब्द मराठी हवेत. आउटपुटला ‘उत्पादन’ चालेल का?

शेतशिवार: नका लिहू. शेतीच्या अहवालात ‘उत्पादन’ दिसलं की गावकरी ज्वारीचे क्विंटल शोधणार. ज्वारी खरंच वाढली असेल, तर ती तुमच्या दुसऱ्या भागात जाईल. म्हणजे शब्द एका भागाचा आणि मजकूर दुसऱ्याचा.

फळा_खडू: आउटकमला ‘निष्पत्ती’ घ्या. आम्ही शिक्षक ‘अध्ययन निष्पत्ती’ रोजच लिहितो. फरकही सोपा आहे. मोजता येतं ते आउटपुट, मोजता येत नाही ती निष्पत्ती.

ओढाकाठ: निष्पत्ती शब्द छान आहे, पण फरक मोजण्याचा नाही. विहिरीतली पाणीपातळी मीटरमध्येच मोजतो ना? तरी ती निष्पत्ती. मी असे अहवाल बरीच वर्षं तपासतोय, तेव्हा मी असं पाहतो: पैसे आणि माणसं लावून जे आपल्या हातून उभं राहिलं ते आउटपुट. त्यामुळे पुढे पाण्यात, पिकात किंवा लोकांच्या वागण्यात जे बदललं ती निष्पत्ती. चर खोदले, शेतकऱ्यांना पाण्याचा ताळेबंद शिकवला, ही पहिल्यातली कामं. ताळेबंद पाहून त्यातल्या काहींनी उसाऐवजी हरभरा पेरला, ही दुसऱ्यातली गोष्ट.

हिशेबनीस: खर्चाचा ताळमेळ सनदी लेखापालाच्या सहीने उपयोगिता प्रमाणपत्रात द्यावा लागतो. तो कुठल्या भागात घालायचा ते आधी विचारा, नाहीतर शेवटचा हप्ता अडकतो. आमचा अडकला होता.

टिपणवही: दादा, ते प्रमाणपत्र वेगळं जातंय. अडचण मजकुराची आहे. रोजनिशीतली एकच नोंद दोन-तीन भागांत जाते, तिचं काय करू?

ओढाकाठ: एखादी नोंद इथे द्या, करून पाहू.

टिपणवही: ही घ्या. ‘जून, दुसरा आठवडा. जोरदार पाऊस. वरच्या टेकडीचे चर भरले, बघायला गाव लोटलं. ओढ्याकडच्या उतारावर मात्र भरावाची माती परत चरात आली.’ आणि पुढच्या मार्चची: ‘विहिरींचं पाणी काठापासून सरासरी ९ मीटरवर, मागच्या मार्चमध्ये ११ मीटरवर होतं.’

ओढाकाठ: जूनची नोंद फोडा. पहिल्या भागात चरांची एकूण लांबी द्या आणि त्यातली किती पावसाळ्यानंतर शाबूत राहिली तेही लगेच पुढे लिहा. बुजलेले चर धरून आकडा फुगवू नका. माती का परतली, ते धड्यांत जाईल. गाव लोटलं, हे छायाचित्राखाली पुरे.

मार्चची नोंद निष्पत्तीत, पण ‘आमच्या कामाने पाणी २ मीटर वर आलं’ असं लिहू नका. दोन्ही वर्षांचा पाऊस सारखा होता का? शेजारच्या, काम न झालेल्या शिवारातल्या विहिरी मोजल्या होत्या का?

टिपणवही: दुसऱ्या वर्षी पाऊस जास्त होता. शेजारच्या गावात ४ विहिरी मोजल्या, तिथे पाणी १.२ मीटर वर आलं.

ओढाकाठ: मग तुमच्या खात्यावर फार तर ०.८ मीटर, तेही सावधपणे. आपला काळा पाषाण. दोन विहिरी हाकेच्या अंतरावर असूनही वेगळ्या वागतात. जवळ भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर असेल, तर तिच्या नोंदीही शेजारी ठेवा. दोन्ही वर्षांचा पाऊस त्याच तक्त्यात द्या आणि विहिरी किती ते लिहा.

शेतशिवार: धड्यांबद्दल माझं एक ऐका. ‘लोकसहभाग महत्त्वाचा’ हा धडा नव्हे, तो काम सुरू व्हायच्या आधीही माहीत होता. असं लिहा: ‘भरावावर गवताचं बी न टाकल्याने तीव्र उतारावरचे चर पहिल्याच पावसात बुजले. पुढच्या वेळी खोदाईबरोबरच स्टायलोचं बी टाकू आणि खर्च अंदाजपत्रकात धरू.’ शेजारच्या गावाला हे कामाला येईल.

फळा_खडू: म्हणजे मूळ रोजनिशी फेकून द्यायची?

ओढाकाठ: मुळीच नाही. एका पानाचा कालपट परिशिष्टात द्या. कोणतं काम पावसाआधी झालं आणि कोणतं नंतर, हे त्यातूनच कळतं. पूर्ण रोजनिशी कार्यालयात ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे तिचा पान क्रमांक दिला, की तपासणाऱ्याला मागे जाता येतं.

टिपणवही: निष्पत्ती आणि धडे ठरले. आउटपुटचं अजून अडलंय. परिभाषेतला ‘प्रदान’ कसा वाटतो?

शेतशिवार: गावात ‘प्रदान’ म्हटलं की पुरस्कार आठवतो. ‘झालेली कामं’ लिहा.

ओढाकाठ: मग प्रशिक्षणाची पुस्तिका आणि गावाचा नकाशा कुठे बसवणार? त्यांना ‘कामं’ म्हणणं मला पटत नाही. मी ‘प्रत्यक्ष फलित’ वापरतो, पण ते निष्पत्तीच्या फार जवळ जातं, हेही खरं.

टिपणवही: तूर्त ‘झालेली कामे आणि तयार साहित्य’ असं शीर्षक देते. याहून आटोपशीर शब्द कुणाकडे आहे का? मसुदा ग्रामसभेपुढे जायचा आहे.